थकलेल्या बिलाचे पत्र आणि त्यातील व्याजाचा हिशेब

थकलेल्या बिलाची मागणी करणारे पत्र लिहायला बसलेला दुकानदार बहुतेक वेळा शब्दांची काळजी करतो. ग्राहक दुखावला जाऊ नये म्हणून तो आर्जव वाढवतो, किंवा राग आलेला असेल तर तो झाकण्यासाठी वाक्ये गुळगुळीत करतो. माझ्या मते अशा पत्रातील सौजन्य निराळ्या ठिकाणी असते. पत्र वाचणाऱ्या माणसाला आपली वही उघडून प्रत्येक आकडा स्वतः पडताळून पाहता आला, तर ते पत्र सभ्य आहे असे मी मानतो. जे पडताळता येत नाही ते कितीही गोड भाषेत लिहिले तरी वाचणाऱ्याला दडपण वाटते, आणि दडपणाला माणसे उत्तर देत नाहीत, ती टाळाटाळ करतात. म्हणून आज मी मुख्यतः बिलाच्या तपशिलाविषयी आणि त्यातही व्याजाविषयी बोलणार आहे, कारण अशी पत्रे फसतात ती प्रामुख्याने तिथेच.

एक उदाहरण धरू. कार्यालयीन साहित्य विकणाऱ्या एका दुकानाने एका कंपनीला माल दिला. बिल क्रमांक 214, तारीख 3 एप्रिल, रक्कम 73,000. चलन कोणतेही समजा. बिलावर अट छापलेली आहे की बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत पैसे द्यावेत, आणि त्यानंतर थकलेल्या रकमेवर वार्षिक 18 टक्के दराने सरळ व्याज आकारले जाईल. म्हणजे पैसे देण्याची अंतिम तारीख 3 मे. त्या दिवशी काहीच आले नाही. 2 जूनला 36,500 जमा झाले, आणि उरलेल्या अर्ध्या रकमेचा 2 जुलैपर्यंत पत्ता नाही. त्या दिवशी दुकानदार पत्र लिहीत आहे.

त्याने सर्वांत आधी पाहायची गोष्ट आकडेमोडीची नाही. व्याजाची ही अट ग्राहकाने केव्हा मान्य केली, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ती मालाच्या ऑर्डरवर, कोटेशनवर किंवा खाते उघडताना सही केलेल्या अटींमध्ये असेल तर पाया भक्कम आहे. ती फक्त बिलावर छापलेली असेल, आणि बिल माल पोचल्यानंतर गेले असेल, तर ग्राहकाला असे म्हणता येते की व्यवहार ठरला तेव्हा ही अट नव्हतीच. याच ग्राहकाने तशीच अट छापलेली आधीची अनेक बिले निमूटपणे स्वीकारलेली असतील तर दुकानदाराची बाजू थोडी सावरते, पण वाद उरतोच. आणि अट कुठेच नसेल तर ठरलेल्या दराचे व्याज म्हणून पत्रात एखादा आकडा लिहू नये. कायद्याने विलंबाबद्दल काही व्याज मिळत असेल तर ते कायद्याच्या दराने मिळते, आपल्या मनातल्या दराने नव्हे. दर अवाच्या सवा असेल तर न्यायालये अनेकदा त्याकडे दंड म्हणून पाहतात आणि तो कमी करतात, हेही दर ठरवतानाच लक्षात घेतलेले बरे.

आपल्या उदाहरणात अट ऑर्डरवर आहे असे समजू, म्हणजे हिशेबाकडे वळता येईल. 73,000 वर वार्षिक 18 टक्के म्हणजे वर्षाला 13,140, आणि 365 ने भागले तर दिवसाला बरोबर 36. अंतिम तारखेचा दिवस मोजायचा नाही, पैसे जमा झाले तो दिवस मोजायचा. 4 मे ते 2 जून हे 30 दिवस होतात. त्यांचे व्याज 1,080. 2 जूनला मुद्दल निम्मे झाले, म्हणून दिवसाचे व्याजही निम्मे, म्हणजे 18. 3 जून ते 2 जुलै हे पुन्हा 30 दिवस; त्यांचे व्याज 540. एकूण व्याज 1,620, मुद्दल 36,500, आणि पत्राच्या दिवशीचे येणे 38,120.

इथे नेहमी होणारी चूक अशी की संपूर्ण 60 दिवसांचे व्याज मूळ 73,000 वरच लावले जाते. तो आकडा 2,160 येतो, म्हणजे योग्य व्याजापेक्षा 540 ने जास्त. दुकानदाराला ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण पलीकडच्या हिशेबनिसाला ती पहिल्याच नजरेत दिसते, आणि मग तो संपूर्ण पत्र ‘दुरुस्तीसाठी’ परत पाठवून आणखी काही आठवडे मिळवतो. चुकीचा आकडा थकबाकीदाराच्या हाती न देण्याचे खरे कारण हे आहे. दर महिन्याचा लिहिला असेल, समजा दरमहा दीड टक्का, तर अपुऱ्या महिन्याचे काय करायचे ते अटीत हवे. ते नसेल तर अपुरा महिना पूर्ण धरू नये, दिवसांवरच मोजावे. आणि अटीत स्पष्ट लिहिलेले नसेल तर व्याजावर व्याज अजिबात लावू नये.

एक बारीक प्रश्न उरतो. मध्ये आलेले 36,500 मुद्दलात जमा करायचे, की आधी तोवरच्या 1,080 व्याजात वळवून उरलेले मुद्दलात? अनेक ठिकाणच्या कायद्यांत, दोघांनी वेगळे ठरवले नसेल तर, आलेले पैसे आधी व्याजात वळवता येतात. तसे केले तर आपल्या उदाहरणातले येणे 38,136 होते, म्हणजे केवळ 16 ने जास्त. एवढ्यासाठी वाद ओढवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विलंब दोन-तीन वर्षांचा आणि रक्कम मोठी असेल तर मात्र हा फरक वाढतो, आणि तेव्हा वकिलाला विचारूनच पद्धत निवडावी. कोणतीही निवडा, पण कोणती निवडली ते पत्रात सांगा.

आता पत्राचा मजकूर पाहू. तो मी असा लिहीन :

‘विषय : बिल क्र. 214, दिनांक 3 एप्रिल, याची थकबाकी. महोदय, आपल्या ऑर्डरनुसार आम्ही पाठवलेला माल आपल्या भांडाराने सही व शिक्क्यासह स्वीकारला असून त्याचे 73,000 रकमेचे उपरोक्त बिल 3 मे रोजी देय झाले होते. आपण 2 जून रोजी पाठवलेले 36,500 आम्ही आभारपूर्वक मुद्दलात जमा केले आहेत. उरलेले 36,500 अद्याप मिळालेले नाहीत. ऑर्डरमधील अटीनुसार वार्षिक 18 टक्के दराने, 365 दिवसांचे वर्ष धरून, 2 जुलैपर्यंतचे सरळ व्याज 1,620 होते. दिनांकवार हिशेब सोबत जोडला आहे. यापुढे दर दिवशी 18 याप्रमाणे व्याज वाढेल, म्हणजे 12 जुलै रोजी एकूण देय रक्कम 38,300 असेल. कृपया त्या तारखेपर्यंत ही रक्कम पाठवावी. बिलाविषयी किंवा मालाविषयी आपली काही हरकत असल्यास ती त्याच तारखेच्या आत लेखी कळवावी, म्हणजे आम्हांला ती तातडीने पाहता येईल. आपण रक्कम यापूर्वीच पाठवली असल्यास भरण्याचा तपशील कळवावा ही विनंती.’

या मजकुरात दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. ‘लवकरात लवकर’ असे न लिहिता तारीख दिली आहे, आणि त्या तारखेला किती भरायचे तो आकडाही दिला आहे, कारण पैसे देण्याची इच्छा झालेल्या माणसाला नेमका आकडा विचारण्यासाठी पुन्हा पत्र पाठवावे लागले तर त्यात दिवस जातात. मालाची पोच कोणाच्या सहीने झाली ते आले आहे, कारण मोठ्या कंपनीत बिल थकते त्याचे कारण पुष्कळदा दुष्टपणा नसून बिल आणि पोचपावती यांची जुळणी झालेली नसते एवढेच असते. म्हणून बिलाची, ऑर्डरची आणि सही केलेल्या पोचपावतीची प्रत जोडावी, ऑर्डरचा क्रमांक जोडपत्रावर ठळक लिहावा, आणि पत्र ज्यांच्याशी आपले बोलणे होते त्या खरेदी अधिकाऱ्याबरोबरच हिशेब विभागालाही पाठवावे. कंपनीबाहेरच्या कोणाला प्रत पाठवण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने वसुली होत नाही, उलट बदनामीची तक्रार आपल्याच अंगावर येऊ शकते.

लेखी हरकत मागण्याचे एक कारण असेही आहे की उत्तरात ग्राहकाने ‘उरलेली रक्कम पुढच्या महिन्यात देऊ’ असे सहीनिशी लिहिले, तर ती येण्याची कबुली ठरते. दावा लावण्याची मुदत असते, आणि पुष्कळ कायद्यांत मुदत संपण्यापूर्वी दिलेली अशी लेखी कबुली ती मुदत नव्याने सुरू करते.

व्याज सोडायचे असेल तर ते अटीवर सोडावे. ‘12 जुलैपर्यंत मुद्दल 36,500 पूर्ण जमा झाल्यास या बिलापुरते व्याज आम्ही मागणार नाही, अन्यथा वरील हिशेब कायम राहील’ असे एक वाक्य पुरते. पण हे पहिल्याच पत्रात लिहावे का? नेहमीचा ग्राहक पहिल्यांदाच चुकला असेल तर जरूर लिहावे. जो प्रत्येक बिलाला उशीर करतो त्याला ही सवलत म्हणजे फुकटचे कर्ज वाटते, आणि पुढच्या बिलाच्या वेळी तो तिची आठवण करून देतो.

आता समजा उत्तर आले की मालातील 7,300 किमतीची एक वस्तू मोडकी निघाली होती. इथे पुष्कळ दुकानदार उरलेले संपूर्ण येणेच वादात अडकू देतात. तसे करू नये. हरकत नसलेले 29,200 आणि त्यावरचे व्याज ताबडतोब मागावे आणि मोडक्या वस्तूची चौकशी स्वतंत्र चालवावी. तक्रार खरी निघाली तर तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी आणि व्याज पहिल्या दिवसापासून पुन्हा मांडावे, कारण त्या वस्तूचे पैसे कधीच देय नव्हते. मग पहिल्या 30 दिवसांचे व्याज 65,700 वर 972 येते, 3 जून ते 12 जुलै या 40 दिवसांचे 29,200 वर 576, आणि 12 जुलैची देय रक्कम 30,748 होते. हा सुधारित हिशेब बिल क्रमांक 214 चाच संदर्भ देऊन, क्रेडिट नोटेचा क्रमांक आणि तारीख लिहून पाठवावा, आणि जुना 38,300 चा आकडा आता रद्द समजावा असेही त्यात लिहावे. नाहीतर हिशेब विभागात दोन्ही पत्रे एकाच फाइलला लागतात आणि कोणता आकडा खरा हे विचारायला पुढचा महिना उजाडतो.