मासा शिजला कसा ओळखायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

सुरमईची तुकडी तव्यावरून ताटात येते. वरून रवा खरपूस, रंग सुरेख. पण पहिलाच घास तोंडात फिरत राहतो आणि गिळताना तोठरा बसतो. आतलं मांस पांढरंफटक, कोरडं, खडूसारखं भुसभुशीत झालेलं असतं. अशा वेळी मासळीला नावं ठेवली जातात, कोळणीनं शिळा मासा दिला असं म्हटलं जातं. पुष्कळदा मासा ताजाच असतो, तो फक्त तीन-चार मिनिटं जास्त शिजलेला असतो.

मटणाची सवय झालेल्या हाताकडून ही चूक सहज होते. मटण कडक लागलं तर आपण ते आणखी शिजवतो आणि ते मऊ पडतं. मासा कडक लागला आणि आणखी शिजवला, तर तो आणखी बिघडतो. असं का होतं, ते आधी पाहू. म्हणजे शिजल्याच्या खुणा पाठ कराव्या लागणार नाहीत, त्या आपोआप कळतील.

माशाचं मांस बारीक, आखूड तंतूंचं असतं. हे तंतू एकावर एक रचलेल्या पाकळ्यांमध्ये असतात आणि दोन पाकळ्यांच्या मधे एक पातळ पापुद्रा असतो. प्राण्याच्या शरीराचा भार पाय आणि सांधे पेलतात, म्हणून मटणात हे जोडणारे पापुद्रे आणि स्नायुबंध भरपूर आणि चिवट असतात. ते विरघळायला तास-दीड तास लागतो. मासा पाण्यात तरंगतो, त्याला एवढ्या बळकट जोडणीची गरज नसते. त्याचे पापुद्रे नाजूक असतात आणि साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसलाच वितळू लागतात. म्हणजे मटणात ज्याची आपण तासभर वाट पाहतो, ते माशात काही मिनिटांत उरकलेलं असतं.

आता तंतूंकडे बघू. कच्च्या माशात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं आणि त्यातलं बहुतेक या तंतूंमधल्या प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. उष्णता वाढू लागली की चाळिशीच्या पुढे ही प्रथिनं आवळायला लागतात. पन्नाशीच्या आसपास मांस काचेसारखं अर्धपारदर्शक राहत नाही, दुधी होतं, जरा घट्ट लागतं. ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान पापुद्रे सुटलेले असतात, पाकळ्या एकमेकींवरून सरकतात आणि तंतूंत पाणी अजून टिकलेलं असतं. मासा खाण्याची ही उत्तम वेळ. त्याच्या पुढे प्रथिनं आणखी आवळतात आणि ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर फेकतात. तव्यावर किंवा ताटलीत तुकडीच्या कडेला पांढरट थेंब साकळलेले दिसतात ना, ते हेच. मांसातल्या रसात विरघळलेली प्रथिनं त्या पाण्याबरोबर बाहेर येऊन गोठलेली असतात. एखाद-दुसरा थेंब दिसला तर हरकत नाही. सगळी कडा पांढरी झाली असेल, तर मासा उतरवायला उशीर झालेला आहे.

खडूसारखा पोत इथूनच येतो. तंतू कोरडे आणि ताठ झालेले, त्यांना एकत्र धरणारा पापुद्रा आधीच वितळून गेलेला, आणि तंतू मुळातच आखूड. जास्त शिजलेलं मटण दोऱ्यासारखं सुटतं, कारण त्याचे तंतू लांब असतात. माशाचा मात्र चुरा होतो. तोंडात तो कोरड्या कणांसारखा पसरतो.

यातूनच एक गैरसमज दूर व्हावा. कालवणात मासा कोरडा पडणार नाही, कारण तो रश्श्यातच बुडालेला आहे, असं पुष्कळांना वाटतं. पण पाणी बाहेर पिळलं जातं ते तंतू आवळल्यामुळे. बाहेर हवा आहे, तेल आहे की रस्सा, याने त्यात फरक पडत नाही. वीस मिनिटं उकळलेल्या कालवणातली सुरमई रश्श्यात न्हालेली असते आणि आतून कोरडीच असते.

आता ओळखायचं कसं? आपल्या पद्धतीत अडचण अशी, की रंग पाहून ठरवता येत नाही. हळद, तिखट आणि रव्याखाली मांसाचा रंग झाकलेला असतो. रवा खरपूस झाला, याचा अर्थ तवा तापलेला आहे, एवढाच. आतलं मांस कुठवर आलं, हे त्यावरून कळत नाही. लिंबाचा किंवा कोकमाच्या आगळाचाही एक धोका आहे. आंबटानंही प्रथिनं आवळतात, म्हणून तासभर लिंबात ठेवलेला मासा कच्चा असतानाच बाहेरून पांढरा, शिजल्यासारखा दिसतो. तो वरच्या थरात पाणीही सोडून बसतो. लिंबू लावायचं तर तळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पुरे.

भरवशाची जागा एकच, मधल्या काट्याला लागून असलेलं मांस. ते सगळ्यात शेवटी शिजतं. सुरमईची गोल तुकडी घ्या. तिच्या कडेला सगळीकडे कातडी असते, त्यामुळे बाजूनं बघून काही कळत नाही. बारीक टोकाची सुरी काट्याच्या शेजारी घाला आणि मांस किंचित बाजूला करा. काट्याला लागून गुलाबी, ओलसर, काचेसारखं काही दिसत असेल, तर अजून वेळ आहे. मांस दुधी असेल, काट्यावरून सुटत असेल, पण अगदी काट्याजवळ नुसतं चिकटून असेल, तर उतरवा. काटा स्वतःहून मोकळा होऊन सुटत असेल आणि आजूबाजूचं मांस कोरडं दिसत असेल, तर वेळ टळून गेली. काट्याजवळचं रक्त लाल राहिलेलं असेल तर कच्चं आहे. तपकिरी झालं असेल तर तिथवर उष्णता पोचली आहे.

दुसरी खूण हाताला कळते. टूथपिक सरळ खाली घालून पाहा. कच्च्या माशात ती जाताना मधेमधे अडते, कारण पापुद्रे अजून शाबूत असतात. शिजलेल्या माशात ती न अडता जाते. ही परीक्षा अख्ख्या पापलेटला फार उपयोगी आहे. डोक्यामागच्या सगळ्यात जाड भागात घालून पाहावं, शेपटीकडे पाहून काही कळत नाही. आणि घरात स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला. जाड भागात, काट्याला न टेकवता, ५५ ते ५८ अंश दिसले की गॅस बंद. उरलेले काही अंश माशाच्या आतल्याच उष्णतेनं चढतात. मात्र लहान मूल, गर्भवती, वृद्ध किंवा आजारी माणूस जेवणार असेल, तर ६३ अंश गाठावेत. थोडा ओलावा जाईल, तो जाऊ द्यावा.

एक तुकडी सुरुवातीपासून करून पाहू. जाडी दोन सेंटीमीटर. मीठ-हळद लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या. मीठ नुसतं चवीपुरतं नाही, त्यानं तंतू पाणी जरा जास्त धरून ठेवतात. मग मसाला आणि रवा. तवा मध्यम आचेवर, तेल नीट तापलेलं, तुकडी टाकताच चर्र आवाज यायला हवा. पहिली बाजू चार मिनिटं, तोवर उलथणं लावू नका. तुकडी आपण होऊन तव्यावरून सुटेल. उलटली की दुसरी बाजू तीन मिनिटं. दुसऱ्या बाजूला कमी वेळ, कारण आतवर उष्णता आधीच पोचलेली असते. आता सुरीचं टोक काट्याशी लावून पाहा आणि ताटलीत काढून दोन मिनिटं थांबा. झाकण ठेवू नका. वाफेनं रवा नरम पडतो आणि मासाही आत शिजत राहतो.

या वेळा दोन सेंटीमीटरच्या आहेत. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो, कारण उष्णतेला मध्यापर्यंत जायचं अंतर वाढतं आणि वाटेतलं सगळं मांस आधी तापवावं लागतं. म्हणून चार सेंटीमीटरची तुकडी तव्यावर धड होत नाही. बाहेरचा सेंटीमीटरभर थर खडू होतो तेव्हा कुठे मधलं शिजतं. मासळीवाल्याकडून तुकड्या करून घेतानाच दीड ते दोन सेंटीमीटर सांगा आणि सगळ्या एका जाडीच्या मागा. शेपटीच्या तुकड्या नंतर टाकायच्या, दोन मिनिटं आधी काढायच्या.

कालवणात आधी रस्सा पूर्ण शिजवायचा. वाटण, चिंच किंवा आमसूल, मीठ, सगळं घालून दहा मिनिटं उकळू द्या, चव घ्या, आणि मग मासा सोडा. आच इतकी कमी, की कडेला बारीक बुडबुडे येतील, पण खळखळ नको. दोन सेंटीमीटरच्या तुकड्यांना पाच मिनिटं पुरतात. ढवळू नका, भांडं कडेनं धरून गोल हलवा. बंद करून झाकण ठेवा. रस्सा नव्वदीच्या घरात असतो, त्यामुळे पुढच्या पाच मिनिटांत शिजणं पूर्ण होतं. मातीच्या भांड्यात उष्णता जास्त टिकते, म्हणून तिथे मिनिटभर आधीच बंद करा. मसाला मुरायला उकळी लागत नाही. मीठ आणि आंबट हळूहळू आत जातात, ते गार होताना अर्ध्या तासात होतंच.

सगळी मासळी एकसारखी वागत नाही. बांगडा आणि तारली, विशेषतः पावसाळ्यानंतरच्या, चरबीच्या असतात. तंतू आवळले तरी चरबीमुळे घास ओला लागतो, एखादं मिनिट इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतात. सुरमई, हलवा, घोळ आणि कुपा यांना मात्र तेवढी मोकळीक नाही. बोंबलाचं मांस पाण्याचंच असतं, म्हणून तो कालवणात शेवटी सोडून तीन-चार मिनिटांत उतरवावा, नाहीतर खडू व्हायच्या आधीच तो विरघळून जातो.

गोठवलेला मासा आणखी जपून शिजवावा लागतो. बर्फाच्या स्फटिकांनी तंतू आधीच फाटलेले असतात, त्यामुळे पाणी धरायची ताकद कमी झालेली असते. तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सुटू द्या, आणि नीट टिपून घ्या. अर्धवट गोठलेला मासा तव्यावर टाकला, तर मधला भाग शिजेपर्यंत बाहेरचा संपलेला असतो.

दुसऱ्या दिवशी उरलेलं कालवण गरम करताना तुकड्या अलगद बाजूला काढा. फक्त रस्सा खळखळून उकळा, गॅस बंद करा, आणि मग तुकड्या परत सोडून झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांत त्या आतपर्यंत गरम होतात.

नमस्कार.