पाण्यात मुळं फुटली, आता कुंडीत कशी जगवायची? (पुदिना आणि तुळस)

नमस्कार मंडळी. पुदिन्याची किंवा तुळशीची काडी पाण्यात ठेवून मुळं आणली आहेत अशांनी हात वर करा. बघा, अर्ध्याच्या वर हात आहेत. आता ज्यांची रोपं कुंडीत गेल्यावर महिनाभर टिकली, त्यांनीच हात वर ठेवा. बरेच खाली गेले, बरोबर? म्हणून आज मी पाण्यातल्या भागावर कमी आणि कुंडीत नेण्यावर जास्त बोलणारे, कारण रोप मरतं ते तिथे.

आधी पुदिना, कारण तो सोपा आहे. भाजीवाल्याकडची जुडी चालते, नर्सरीत जायची गरज नाही. फक्त जुडी उलगडून बघा. जाड, कडक, हिरवी किंवा जांभळट काडी निवडा, पिवळी लुसलुशीत नको. बऱ्याचदा जुडीच्या बुंध्याला बारीक पांढरी मुळं आधीच असतात, कारण काही शेतकरी पुदिना कापण्याऐवजी उपटूनच जुडी बांधतात, ती काडी मिळाली तर निम्मं काम झालं. नसेल तर शेंड्याकडची चार-पाच इंचाची काडी घ्यायची. पुदिन्याची काडी चौकोनी असते आणि ठरावीक अंतरावर दोन पानं समोरासमोर निघतात, त्या जागेला आपण पेर म्हणतो. मुळं मुख्यतः या पेरातूनच फुटतात, म्हणून काप पेराच्या जरासा खाली, पाव इंचावर घ्यायचा आणि खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाकायची. पान पाण्यात बुडलं की दोन दिवसात सडतं आणि ते पाणी काडीलाही सडवतं.

पाणी किती? फक्त खालची एक-दोन पेरं बुडतील इतकंच. लोक ग्लास काठोकाठ भरतात आणि काडी गळ्यापर्यंत बुडवतात. पण काडीच्या बुडालेल्या भागालाही श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो आणि साचलेल्या पाण्यात तो लवकर संपतो, म्हणून पाणी एक दिवसाआड बदलायचं, उन्हाळ्यात रोज. साधं नळाचं पाणी चालतं, क्लोरीनचा वास फार येत असेल तर बादलीत रात्रभर उघडं ठेवा. जागा उजेडाची हवी पण थेट ऊन नको. बाटली पारदर्शक असेल तर आतून हिरवं शेवाळ धरतं, तिला बाहेरून कागद गुंडाळा किंवा तपकिरी बाटली वापरा. आणि एक गोष्ट मुंबई-पुण्यात विसरू नका, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून पाणी नुसतं वरून भरायचं नाही, ओतून टाकायचं, बाटली आतून घासायची आणि मग नवीन भरायचं.

पुदिन्याला चार-पाच दिवसात पेरावर पांढरे ठिपके दिसतात आणि आठवडा-दहा दिवसात इंचभर मुळं येतात.

तुळशीचं गणित वेगळं आहे. तुळस म्हणजे झुडूप, तिचा बुंधा लाकडासारखा होतो आणि लाकडी झालेल्या काडीला मुळं फार मुश्किलीने येतात. हवी असते ती नवीन, हिरवी, वाकवली तर वाकेल पण जोर दिला तर कट् करून मोडेल अशी बाजूची फांदी, आणि तिच्या टोकाला मंजिरी नको. मंजिरी आली की झाड आपली ताकद बीकडे वळवतं आणि अशी काडी पाण्यात दोन आठवडे हिरवी राहून शेवटी वाळते, मुळं येतच नाहीत. मी सगळ्यात जास्त लोक इथेच अडकलेले बघते. तुळशीचं लग्न झालं, कार्तिक संपला, वृंदावनातली तुळस मंजिऱ्यांनी भरलेली, पानं झडायला लागलेली, म्हणून घाबरून लोक तेव्हा काड्या घेतात. वर्षातला तो सगळ्यात वाईट काळ. झाड म्हातारं होत असतं, हवा थंड कोरडी होत असते आणि तुळशीला थंडी सोसत नाही. काड्या घ्यायच्या आषाढ-श्रावणात. तेव्हा हवेत दमटपणा असतो, पानांतून पाणी कमी उडतं, मुळांशिवाय काडी तग धरून राहते. मंजिऱ्या आल्याच असतील तर त्या खुडा आणि तीन-चार आठवडे थांबा, बाजूच्या नव्या फांद्या फुटतील त्या घ्या. रविवारी किंवा द्वादशीला तुळस तोडत नाहीत असं घरात असेल तर दुसरा दिवस निवडा, काडीला एका दिवसाने काही फरक पडत नाही.

काडी चार ते सहा इंचाची, वरची दोन-चार पानं ठेवायची, मोठी असतील तर कात्रीने अर्धी कापायची. पाण्यातलं काम पुदिन्यासारखंच. वेळ मात्र दहा ते वीस दिवस धरा. बुडातून काळपट रंग वर चढायला लागला, हात लावला तर बुळबुळीत लागलं, पाण्याला कुजका वास आला तर ती काडी सडतेय. काळा भाग संपतो त्याच्या वर, हिरव्या भागात, पुन्हा पेराखाली कापा आणि धुतलेल्या बाटलीत नव्या पाण्यात ठेवा. काळेपणा पानांपर्यंत गेला असेल तर सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा. पाण्यात आलेलं मूळ आणि मातीतलं मूळ दिसायला सारखं असलं तरी सारखं काम करत नाही. पाण्यात मूळ पाण्यानेच वेढलेलं असतं, त्याला धडपड करावी लागत नाही, म्हणून त्यावर बारीक केसांसारखे मूळरोम फार कमी असतात आणि ते ठिसूळही असतं. मातीत पाणी कणांना चिकटून असतं, ते ओढायला मूळरोम लागतात. तुम्ही रोप कुंडीत लावलं की पहिले काही दिवस पानं नेहमीसारखं पाणी उडवत असतात आणि मुळं पुरेसं ओढू शकत नाहीत. आधी मातीत नवी मुळं फुटावी लागतात. आपलं सगळं काम म्हणजे हे मधले आठ-दहा दिवस रोपाला पार करून देणं.

म्हणून पहिली गोष्ट, मुळं खूप लांब होऊ द्यायची नाहीत. लोकांना वाटतं जितकी जास्त मुळं तितकं बरं, आणि मग बाटलीत मुळांचा जुडगा होतो, तो कुंडीत घालताना तुटतो, तुटलेलं मूळ सडतं. मुळं एक ते दीड इंच झाली आणि त्यांना बाजूने छोटे फाटे फुटायला लागले की हलवायचं. फार दिवस ठेवलं तर नुसत्या पाण्यात अन्न नसल्यामुळे पानंही पिवळी पडतात.

दुसरी, थेट मोठ्या कुंडीत किंवा वृंदावनात लावायचं नाही. मोठ्या कुंडीतली ओली माती लवकर सुकत नाही आणि एवढ्याशा मुळांना ती कुजवते. आधी चार इंचाची पिशवी किंवा खाली भोकं पाडलेला कप घ्या. मिश्रण हलकं हवं, अर्धं कोकोपीट आणि अर्धी चाळलेली माती, वाटलं तर मूठभर वाळू. या टप्प्यावर शेणखत नको, नीट न कुजलेलं असेल तर कोवळी मुळं जाळतं. कोकोपीट आधी भिजवून पिळून घ्या. काडी मातीत खुपसायची नाही, पेन्सिलने खड्डा करायचा, मुळं हलकेच सोडायची, वरून माती ढकलायची आणि दाबण्याऐवजी पाणी घालून बसू द्यायची.

तिसरी, पहिला आठवडा सावली. घरातली उजेडाची खिडकी चालेल. माती सतत ओलसर पण चिखल नाही, बोट घालून बघा. पावसाळा सोडून लावत असाल तर कपावर पारदर्शक पिशवी सैल घाला, रोज थोडा वेळ उघडा, बुरशी येऊ नये म्हणून.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचं उदाहरण सांगते. वृंदावनातली जुनी कृष्णतुळस बुंध्यापासून वाळत चाललेली, त्यांना तीच तुळस पुढे चालवायची होती. बी पेरता आलं असतं, पण तुळशीत परागीभवन होऊन बियांची रोपं थोडी वेगवेगळी निघतात, काडीचं रोप मात्र मूळ झाडासारखंच. श्रावणात त्यांनी मंजिरी नसलेल्या सहा काड्या घेतल्या. दोन पहिल्याच आठवड्यात काळ्या पडल्या, त्या बुंध्याजवळच्या जाड काड्या होत्या. बाकी चारांना दोन आठवड्यांनी मुळं दिसली, इंचभर झाल्यावर कपात लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारही माना टाकून बसल्या आणि काकूंचा फोन आला, पाणी घालू का? मी विचारलं, संध्याकाळी काय होतं? तर तीन सावरत होत्या, एक नव्हती. दुपारी मान टाकून संध्याकाळी उभं राहणारं रोप ठीक आहे, पाणी कमी पडत नाहीये, मुळं अजून तयार होतायत, तेव्हा जास्त पाणी घातलं तर ते सडेल. सकाळीसुद्धा मान टाकलेली आणि माती ओली, तर मुळं तुटली किंवा कुजली. ती चौथी गेली. बाकी तिघींना दहाव्या-बाराव्या दिवशी शेंड्याला नवीन पान आलं, काडी हलकेच ओढली तर ती मातीला धरून राहिली. मग रोज सकाळचं तासभर ऊन, हळूहळू वाढवत, आणि कपाच्या भोकांतून मुळं दिसली तेव्हा कुंडी.

कायमच्या कुंड्या दोघांच्या वेगळ्या लागतात. तुळशीला आठ-दहा इंच खोल, खाली भोक असलेली, दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट. चार-पाच तास ऊन आणि वरची माती सुकल्यावरच पाणी. पुदिन्याला उथळ आणि पसरट भांडं द्या, जुना टब चालेल, कारण तो जमिनीलगत आडव्या काड्या सोडत पसरतो. त्याला ओलावा आवडतो, सकाळचं ऊन पुरतं, एप्रिल-मेचं दुपारचं ऊन त्याला जाळतं. म्हणूनच दोघांना एका कुंडीत लावू नका, एकाला हवं तेवढं पाणी दुसऱ्याला नको असतं.

मागून कोणीतरी विचारलंय, शेंडा कधी खुडायचा. रोप पाच-सहा इंच झालं आणि तीन-चार पेरं आली की वरचं एक पेर खुडा. पुदिन्याचा तो शेंडा चटणीत जाईल किंवा पुन्हा पाण्यात. तुळशीचा शेंडा खुडला तर खालून दोन फांद्या निघतात आणि पुढच्या आषाढात काड्या घ्यायला त्याच कामाला येतात. मंजिरी दिसली की तीही खुडत राहा, बी हवं असेल तेव्हाच एक-दोन ठेवा.