आलं मळमळ कुठे अडवतं?

नमस्कार श्रोतेहो. मळमळायला लागलं की घरातलं कुणीतरी आल्याचा तुकडा पुढे करतं. तो तुकडा पोटात गेल्यावर नेमकं काय करतो, ते आज पाहू. उदाहरण घेऊ केमोथेरपीच्या पहिल्या दिवसाचं, कारण आल्याचं काम तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

सेरोटोनिन हे शरीरात निरोप पोहोचवणारं एक रसायन. त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त मेंदूत नाही, आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तरातल्या काही खास पेशी ते साठवून ठेवतात. केमोचं औषध या पेशींना इजा करतं आणि साठा बाहेर सांडतो. शेजारीच व्हेगस नावाच्या नसेची टोकं असतात. त्यांच्यावर ५-एचटी३ हे ग्राही, म्हणजे छोटी दारंच म्हणा ना. सेरोटोनिन चिकटलं की दार उघडतं, सोडियम आत शिरतो, नस पेटते आणि मेंदूच्या तळाशी निरोप जातो: ओकून टाका.

डॉक्टर देतात ती ऑन्डनसेट्रॉनची गोळी सेरोटोनिनचीच जागा अडवून बसते. आल्यातली जिंजेरॉल आणि सुंठीत वाढणारी शोगाओल मात्र त्याच दाराला दुसऱ्या ठिकाणी धरतात. सेरोटोनिन येऊन चिकटतं खरं, पण दार नीट उघडत नाही. मात्र ही पकड गोळीच्या मानाने फारच सैल असते. म्हणून आलं गोळीच्या जोडीला घ्यायचं, गोळीऐवजी नाही.

किती घ्यायचं? अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत, केमोच्या तीन दिवस आधीपासून, आल्याच्या कॅप्सूल दिल्या होत्या. दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम घेणाऱ्यांना पहिल्या दिवशीची मळमळ सगळ्यांत कमी झाली. दीड ग्रॅमने जास्त फायदा झाला नाही. घरच्या मापाने एक ग्रॅम सुंठपूड म्हणजे सपाट अर्धा चहाचा चमचा. दिवसभरात दोनदा पाव-पाव चमचा, काहीतरी खाऊन, कोमट पाण्यातून घ्या. ओलं आलं घेतलंत तर त्यात चार पंचमांश पाणीच असतं, त्यामुळे साधारण पाच ग्रॅम लागेल, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं कमी. आलेपाकाच्या वडीत मुख्यतः साखर असते, तिच्यावर हिशेब बांधू नका.

आता आलं कुठे कमी पडतं? केमोनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची मळमळ बरीचशी वेगळ्या रसायनाने, सबस्टन्स पी ने, होते. घाटात गाडी लागते तेव्हा गडबड कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून सुरू होते. तिथे ५-एचटी३ चं दार मुख्य नसतं, म्हणून ऑन्डनसेट्रॉनही प्रवासात फारसं उपयोगी पडत नाही. आल्याने प्रवासात बरं वाटतं असं पुष्कळ जण सांगतात, पण चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत.

जास्त सुंठीने छातीत जळजळ होते. तसं झालं तर मात्रा निम्मी करा. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा केमोत प्लेटलेट उतरल्या असतील, तर सुंठीची पूड रोज सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.