फ्री कन्सल्टेशनचा फॉर्म

वाकडमधलं एक छोटं ऑफिस, सकाळचे अकरा वाजलेत, आणि ही इंटिरियर डिझायनर रात्रभरात आलेल्या लीड्सना, म्हणजे तिच्या जाहिरातीवर फॉर्म भरलेल्यांना, फोन लावत बसलीये. पहिल्या ताई म्हणतात, मी असा काही फॉर्म भरलाच नाही. दुसरा नंबर बंद. तिसरे काका म्हणतात, फ्री आहे ना, मग थ्रीडी पाठवा की व्हॉट्सॲपवर.

ही माणसं खोटं बोलत नाहीयेत हां. फेसबुक-इन्स्टाच्या लीड फॉर्ममध्ये नाव, नंबर, ईमेल प्रोफाइलवरून आपोआप भरून येतं, माणूस स्क्रोल करता करता दोन-तीनदा टॅप करतो आणि फॉर्म गेला, नंतर त्याला आठवतही नाही. प्रोफाइलला जुना नंबर असेल तर तोच येतो.

काकांचा घोळ मात्र जाहिरातीचाच होता. तिने लिहिलेलं, 'स्वप्नातलं घर सजवा, फ्री कन्सल्टेशन!' आता फ्री म्हणजे नक्की काय, हे कुठेच नाही. मग तिने ती पुन्हा लिहिली:

'वाकड, रावेत, पुनावळेत 6 महिन्यांत पझेशन मिळतंय? फ्लोअर प्लॅन घेऊन या, 45 मिनिटं बसू, फर्निचर कुठे बसेल आणि अंदाजे खर्च किती ते सांगते. थ्रीडी यात नाही. 2 बीएचकेचं पूर्ण काम 6 लाखांपासून.'

आकडा वाचूनच बरेच जण पुढे जातात, आणि ते गेलेलेच बरे, कारण त्यांचाही वेळ वाचतो.

फॉर्ममध्ये प्रश्न तीनच. पझेशन कधी? यात पहिला पर्याय मुद्दाम 'अजून फ्लॅट बघतोय' असा ठेवलाय, कारण न वाचता टॅप करणारा बहुतेक वेळा पहिल्यालाच हात लावतो. दुसरा बजेटचा, पण रिकामी जागा नाही, टप्पे दिलेत, कारण आकडा स्वतःहून लिहायला लोक कचरतात, टप्पा निवडायला नाही. 6 लाखांच्या खालचा टप्पा निवडला की कंडिशनल लॉजिक लावून शेवटची स्क्रीन वेगळी येते, तिथे 'फक्त किचन किंवा वॉर्डरोब करायचा असेल तर हे रेट बघा' असं नीट लिहिलंय, कोणाला हाकलल्यासारखं वाटू नये म्हणून. तिसरा टाइप करायचा, 'घरात सगळ्यात आधी काय करायचंय?' याचं उत्तर प्रोफाइलवरून भरून येत नाही, त्यामुळे इथे माणूस खरंच थांबतो.

फॉर्मचा प्रकारही तिने `Higher intent` केला, म्हणजे पाठवण्याआधी सगळं एकदा समोर येतं आणि चुकीचा नंबर तिथेच दिसतो.

यात एक लीड महाग पडते, आणि लीड्सचा आकडा कमी दिसला की पहिल्या आठवड्यात पोटात गोळा येतोच. म्हणून ती आता लीडचा खर्च बघत नाही, फ्लोअर प्लॅन घेऊन खरंच कोण आलं, त्यामागे किती पैसे गेले, तेवढंच वहीत लिहिते.

आज फोन लावायला चारच नावं आहेत. पहिल्याने लिहिलंय, 'आईला गुडघ्याचा त्रास, ओटा आणि बाथरूम आधी.' ती फोन उचलते आणि विचारते, 'आईंची उंची किती आहे हो?'