ट्यूबमधली साखर कोण खातं? ग्लायकोलिसिस आणि शुगरची टेस्ट

(लातूरला लॅब टेक्निशियन आणि नर्सिंगच्या मुलांसमोर झालेलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून टाइप केलंय, बोली तशीच ठेवलीय.)

एक हिशोब करू आधी. औशाकडच्या एखाद्या गावात सकाळी कॅम्प लागला, एका माणसाचं उपाशीपोटी रक्त घेतलं, त्याची खरी शुगर त्या क्षणाला 132 आहे. 126 च्या वर म्हणजे डायबेटिसच्या रेंजमध्ये. आता ते रक्त साध्या ट्यूबमध्ये घेतलं, स्टँडला लावलं, बाकीच्या लोकांचं होईस्तोवर थांबलं, मग गाडी आली, मग लॅब. साध्या तापमानाला रक्तातली साखर तासाला साधारण पाच ते सात टक्के कमी होते. सहा धरा. एका तासात 124, दोन तासांत 117. म्हणजे तासाभरातच तो माणूस कागदावर डायबेटिसच्या रेषेखाली आला, आणि मशीन एकदम बरोबर चाललंय, कॅलिब्रेशन बरोबर, टेक्निशियन बरोबर. वर आपल्याकडचा मे महिना, गाडीत किती गरम होतं तुम्हाला माहितीय, तिथं तर वेग अजून वाढतो.

मग साखर गेली कुठं? रक्तातल्या पेशींनी खाल्ली. रक्त शरीराबाहेर काढलं म्हणून पेशी मरत नाहीत ना लगेच. त्यातल्या लाल पेशीला मायटोकॉन्ड्रिया नाही, त्यामुळं ऑक्सिजन वाहून नेते पण स्वतः वापरू शकत नाही, तिचं सगळं पोट ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज दहा पायऱ्यांत मोडून ताकद काढण्यावर. ग्लुकोज आत यायला तिला इन्सुलिनही लागत नाही, दार उघडंच असतं. म्हणून म्हणलं आज दहा पायऱ्या घोकायच्या नाहीत, ट्यूबमधल्या या पेशीकडं बघत बघतच त्या समजून घ्यायच्या.

पहिली पायरी. ग्लुकोज आत आला की हेक्सोकायनेज हा एन्झाइम एक एटीपी, म्हणजे पेशीची ताकदीची नोट, मोडून त्याला फॉस्फेट चिकटवतो, झाला ग्लुकोज-6-फॉस्फेट. फॉस्फेटवर चार्ज असतो, आता त्याला परत बाहेर जाता येत नाही, अडकला आत. दुसऱ्या पायरीत त्याचाच आकार बदलून फ्रुक्टोज-6-फॉस्फेट होतो, त्यात विशेष काही नाही. तिसरी पायरी महत्त्वाची, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, आपण पीएफके म्हणू, तो अजून एक एटीपी खर्चून दुसऱ्या टोकाला फॉस्फेट लावतो. चौथ्यात अल्डोलेज त्या सहा कार्बनच्या साखळीचे तीन-तीनचे दोन तुकडे करतो, ते तुकडे सारखे नसतात, म्हणून पाचव्या पायरीत एकाचं दुसऱ्यासारखं करून घेतात. आता हातात दोन सारखे तुकडे आहेत आणि कमाई काय? शून्य. उलट दोन एटीपी गेले. पेरणीसारखंय हे, सोयाबीनचं बी-खत आधी खिशातून जातं, रान हिरवं दिसतं पण पैसा अजून एक आलेला नसतो.

सहावी पायरी नीट बघा, मुलं इथंच घाई करतात. इथं तुकड्याला अजून एक फॉस्फेट लागतो पण एटीपी खर्च होत नाही. पेशीत नुसता फिरत असलेला फॉस्फेट उचलून लावला जातो. त्याला जी ताकद लागते ती कुठून येते, तर त्याच वेळी तुकड्याचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी घेतो आणि एनएडीएच होतो. म्हणजे दोन तुकड्यांवर मिळून आता चार फॉस्फेट आहेत, दोन आपण विकत घेतलेले आणि दोन फुकटचे. सगळा नफा या फुकटच्या दोनात आहे. हे डोक्यात बसलं की पुढचं गणित आपोआप सुटतं.

सातव्या पायरीत प्रत्येक तुकडा एक फॉस्फेट एडीपीला देतो, दोन एटीपी आले. दोन घातले होते, दोन परत, मुद्दल वसूल, अजून नफा नाही. आठव्यात उरलेला फॉस्फेट एका कार्बनवरून शेजारच्या कार्बनवर सरकतो. नवव्यात एनोलेज पाण्याचा एक रेणू काढून टाकतो आणि फॉस्फोइनॉलपायरुवेट म्हणजे पीईपी तयार होतो. पाणीच तर काढलं, पण त्यामुळं तोच फॉस्फेट एकदम सुटायच्या बेतात येतो. दहाव्यात पायरुवेट कायनेज तो एडीपीला देतो, अजून दोन एटीपी. हा खरा नफा, एका ग्लुकोजमागं दोन.

पण काम संपलं नाही. सहाव्या पायरीत एनएडी गुंतून पडलाय, पेशीत तो थोडाच असतो, तो मोकळा झाला नाही तर पुढचा ग्लुकोज सहाव्या पायरीवर अडकणार. मायटोकॉन्ड्रिया असलेल्या पेशी तो तिकडं मोकळा करतात, लाल पेशीकडं ती सोय नाही, म्हणून ती पायरुवेटवरच ते इलेक्ट्रॉन टाकते आणि लॅक्टेट करते. लॅक्टेट म्हणलं की लोकांना नुसतं थकवा आणि पायाचे गोळे आठवतात, पण इथं लॅक्टेट होणं म्हणजे एनएडी परत मिळणं.

आता आपली ग्रे टोपणाची ट्यूब. त्यात सोडियम फ्लोराइड असतं, सोबत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट. फ्लोराइड कुणाला पकडतो? एनोलेजला, म्हणजे नवव्या पायरीला. एनोलेजला मॅग्नेशियम लागतं, फ्लोराइड आणि फॉस्फेट मिळून त्या मॅग्नेशियमपाशी जाऊन बसतात आणि एन्झाइम बंद. सगळ्यांना वाटतं की फ्लोराइड घातलं म्हणजे साखर त्याच सेकंदाला थांबली. तसं होत नाही. ग्रे ट्यूबमध्येसुद्धा पहिला तास-दोन तास साखर कमी होतच राहते, कधी चार-पाच टक्के जाते, आणि मग स्थिर होते, मग मात्र दिवसभर हलत नाही. हे असं का, याचं उत्तर आत्ताच्या हिशोबातच आहे.

बघा, बंद झाली नववी. ग्लुकोज खाणारी कोण? पहिली. पहिलीला फ्लोराइडशी देणंघेणं नाही, तिला एटीपी मिळतंय तोवर ती ग्लुकोज उचलत राहणार. आणि एटीपी लगेच संपत नाही कारण सातवी पायरी चालूच आहे, दोन घाला दोन घ्या, ना नफा ना तोटा, गाडी ढकलत राहते. पण पीईपी होत नाही म्हणून पायरुवेट नाही, पायरुवेट नाही म्हणून लॅक्टेट नाही, लॅक्टेट नाही म्हणून एनएडी मोकळा होत नाही, मग हळूहळू सहावी थांबते, सहावी थांबली की सातवीला माल नाही, मुद्दलही येणं बंद. पेशीचे पंप वगैरे बाकीचे खर्च चालूच असतात, वर पहिली आणि तिसरी पायरी उरलेलं एटीपी खात असते, आणि ते संपलं की मग कुठं हेक्सोकायनेज थांबतो. तर फ्लोराइड धरण खालून अडवतो, पाणी वर तुंबत तुंबत पहिल्या पायरीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

म्हणजे साखर तिथल्या तिथं थांबवायची तर वरच्या पायऱ्यांवर हात घालायला पाहिजे. आणि इथं रेग्युलेशनचा विषय येतो, कारण शरीरानं स्वतःही नळ तिथंच बसवलेत, पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या पायरीवर. या तिन्ही पायऱ्या पेशीत उलट्या फिरत नाहीत.

सगळ्यात मोठा नळ पीएफके. पहिली पायरी का नाही, तर ग्लुकोज-6-फॉस्फेट अजून दुसरीकडंही जाऊ शकतो, ग्लायकोजेन होईल, पेंटोजच्या वाटेनं जाईल, पण पीएफकेतून गेला की तो ग्लायकोलिसिसचाच. आता गंमत अशी की एटीपी हा पीएफकेचा कच्चा माल पण आहे आणि ब्रेक पण. एन्झाइमवर एटीपीसाठी दोन जागा आहेत, एक कामाची, एक ब्रेकची, एटीपी भरपूर झालं की ब्रेकच्या जागेवर बसतं. एएमपी तो ब्रेक सोडवतो. एएमपीच का? कारण एटीपी कमी पडलं की पेशी दोन एडीपी घेऊन एक एटीपी आणि एक एएमपी करते, आणि एएमपी मुळात इतका कमी असतो की एटीपी थोडंसं जरी घसरलं तरी एएमपी कितीतरी पट वाढतो. बारीक फरक मोठा करून दाखवणारा सिग्नल आहे तो. लिव्हरमध्ये याच्यावर अजून एक मोठा मालक आहे, फ्रुक्टोज-2,6-बिसफॉस्फेट, 1980 मध्ये बेल्जियममध्ये हर्स आणि व्हॅन शाफ्टिंगेन यांच्याकडं तो सापडला. जेवलं, इन्सुलिन वाढलं की तो वाढतो आणि लिव्हरमधलं ग्लायकोलिसिस जोरात चालतं, उपाशी असताना ग्लुकागॉन तो उतरवतो म्हणजे लिव्हर साखर जाळायच्या ऐवजी तयार करायला लागते.

हेक्सोकायनेजचं सोपंय, त्याचाच माल, ग्लुकोज-6-फॉस्फेट, साठला की तो थांबतो. लिव्हरमधला ग्लुकोकायनेज मात्र असा थांबत नाही, तो साखर जास्त असली तरच खरा कामाला लागतो. आणि पायरुवेट कायनेजला तिसऱ्या पायरीचा माल वरूनच हाक देतो की येतंय बरं का, उघडून ठेव.

आणि एक नळ राहिला, पीएच. आम्ल वाढलं की पीएफके मंदावतो. जोरात पळताना स्नायूत हेच होतं, आणि याचाच फायदा घेऊन दुसऱ्या प्रकारच्या ट्यूब निघाल्या, त्यात फ्लोराइडसोबत सायट्रिक ॲसिड आणि सायट्रेट असतं. रक्त मिसळलं की पीएच सहाच्या खाली उतरतो, हेक्सोकायनेज आणि पीएफके लगेच गप्प, मग फ्लोराइड मागून सावकाश आलं तरी चालतं. पण रक्त घेतल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट केली नाही तर ते ॲसिड पेशींपर्यंत पोचतच नाही, आणि महागडी ट्यूब साध्या ट्यूबसारखी वागते. अशी ट्यूब मिळत नसेल तर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढा. पेशीच बाजूला झाल्या की खाणारं कोणी नाही.

मागून प्रश्न आला होता, आपल्या नांदेडकडच्या काही गावांत बोअरला फ्लोराइड जास्त आहे, मग तिथल्या लोकांचं ग्लायकोलिसिस बंद पडतं का. नाही. ट्यूबमध्ये एक मिली रक्ताला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे लिटरला एक ग्रॅमच्या वर नुसतं फ्लोराइड. पाण्यातली मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम, खराब बोअरला त्याच्या काही पट, आणि रक्तात त्यातलंही थोडंच उतरतं. दात-हाडांचं नुकसान खरं आहे, पण ते वेगळ्या कारणानं, एनोलेजमुळं नाही.

शेवटी एक केस सांगतो, ही ओळखता आलीच पाहिजे. रिपोर्टला शुगर 30 आलीय, आणि पेशंट समोर बसून चहा पितोय, घाम नाही, चक्कर नाही. आधी काउंट बघा. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाख-दोन लाख असतील तर त्या ट्यूबमध्ये इतक्या झपाट्यानं साखर खातात की तासाभरात निकाल कुठल्या कुठं जातो. घाईघाईत ग्लुकोज चढवायच्या आधी बोटाला टोचून तिथल्या तिथं ग्लुकोमीटरवर बघा. तिथं 95 आली तर पेशंटला काही झालेलं नाही, साखर ट्यूबमध्ये संपलीय, नवीन सॅम्पल बर्फात घेऊन पळत लॅबला न्या.