हातोड्याआधी भूमिका

(अभिरूप सभेच्या तयारीवर्गात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित केलेलं)

विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन बोलतात, त्या अभिरूप संयुक्त राष्ट्र सभांमध्ये मी बरीच वर्षं अध्यक्षांच्या खुर्चीत बसलो आहे. हातात हातोडा, समोर टायमर. वक्त्यांच्या यादीतलं नाव पुकारायचं, 30 सेकंद झाले की टेबलावर हलकी टकटक करायची आणि 40 झाले की हातोडा आपटायचा, एवढंच काम. पण तिथे बसलं की एक गोष्ट फार लवकर कळते. बहुतेकांची भूमिका हातोड्यानंतर सुरू होते. म्हणजे ती कोणाला ऐकूच येत नाही.

एक भाषण मला अजून आठवतं. समितीसमोर विषय होता लॉस अँड डॅमेज निधीचा. हवामानबदलाने झालेल्या हानीसाठी गरीब आणि असुरक्षित देशांना मदत करणारा हा निधी. तो उभारायचा निर्णय 2022 मध्ये शर्म अल शेखच्या परिषदेत झाला आणि पुढच्या वर्षी दुबईत तो प्रत्यक्ष सुरू करण्यावर शिक्कामोर्तब झालं. मालदीवचा प्रतिनिधी उठला. आवाज खणखणीत, कागद पाठ. त्याने सुरुवात केली ती अशी:

‘सन्माननीय अध्यक्ष महोदय, सन्माननीय उपाध्यक्ष आणि इथे जमलेल्या माझ्या सर्व सन्माननीय सहप्रतिनिधींनो, मालदीवचा प्रतिनिधी म्हणून या सभागृहासमोर बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझं भाग्य समजतो. मालदीव हा हिंदी महासागरातला सुमारे बाराशे बेटांचा देश असून 1965 मध्ये तो स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला...’

पहिल्या वाक्यालाच 14 सेकंद गेले. पुढे पर्यटन आलं, प्रवाळ आले. माझी टकटक झाली तसा तो गडबडला, वेग वाढवला, ‘आणि म्हणून आमची अशी मागणी आहे की’ इथवर पोचला आणि मला हातोडा आपटावा लागला. मागणी काय होती, ते मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. चांगली होती हो!

त्याने सांगितलेली माहिती खरी होती, पण त्या दिवशीच्या प्रश्नाशी तिचा संबंध नव्हता. निधीवर चर्चा चालू असताना देश 1965 मध्ये स्वतंत्र झाला, यावरून कोणाचं मत इकडचं तिकडे होणार? ओळखीतली पार्श्वभूमी निवडताना मी एकच कसोटी लावतो: हे वाक्य काढून टाकलं तर माझी मागणी लंगडी पडते का? पडत नसेल तर वाक्य काढायचं. मालदीवच्या बाबतीत या कसोटीला एक गोष्ट पुरून उरते. तिथली सुमारे 80 टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरहून कमी उंचीवर आहे.

सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून त्याचं भाषण पुन्हा लिहिलं. ते असं झालं:

‘माननीय अध्यक्ष, लॉस अँड डॅमेज निधीतला पैसा बेटांना कर्ज म्हणून नव्हे, अनुदान म्हणून मिळावा, ही मालदीवची भूमिका आहे. आमची सुमारे ऐंशी टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरहून कमी उंचीवर आहे. पाणी चढलं तर मागे सरकायला आमच्याकडे डोंगर नाही. घर बुडालं, की ते पुन्हा बांधायला काढलेलं कर्ज पुढच्या पिढीच्या डोक्यावर बसतं. म्हणून मसुद्यात ‘अनुदान’ हा शब्द स्पष्ट लिहावा, असं आम्ही सुचवतो. फिजी आणि बांगलादेशच्या प्रतिनिधींनी या कलमावर आमच्यासोबत बसावं, ही विनंती.’

हे 69 शब्द आहेत. सावकाश वाचले तर 36-37 सेकंद लागतात. भूमिका अठराव्या शब्दाला पूर्ण होते, म्हणजे साधारण दहाव्या सेकंदाला. पुढे काहीही बिघडलं, खोकला आला, माइक बंद पडला, तरी देशाचं म्हणणं सभागृहात नोंदलं गेलेलं असतं. ‘मालदीवचा प्रतिनिधी’ अशी वेगळी ओळखही करून द्यावी लागली नाही. देशाचं नाव भूमिकेच्या वाक्यातच आलं. अध्यक्षांनी तुम्हाला देशाच्या नावानेच पुकारलेलं असतं, ते परत सांगण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक बघा. या भाषणात ‘मी’ कुठेच नाही. अशा सभेत तुम्ही देशाच्या वतीने बोलता, म्हणून ‘आम्ही’. स्वतःचं नाव, शिक्षण, छंद यांना इथे जागा नाही. युवा संसदेत मात्र तुम्ही सदस्य म्हणून उभे असता. तिथे नाव आणि मतदारसंघ सांगायचा, पण तोही एका दमात.

पहिल्या खर्ड्यात ‘अनुदान’च्या जागी आम्ही ‘भरपाई’ लिहिलं होतं. ऐकायला जोरदार शब्द. पण तो खोडावा लागला. 2015 मध्ये पॅरिस करार स्वीकारताना जो निर्णय झाला, त्याच्या 51व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं आहे की करारातलं हानी-नुकसानाचं कलम कायदेशीर जबाबदारीचा किंवा भरपाईचा आधार ठरत नाही. अभ्यास करून आलेला एखादा प्रतिनिधी हा परिच्छेद वाचून दाखवतो आणि मग तुमची उरलेली दुपार खुलासे करण्यात जाते. चाळीस सेकंदांत शब्दाचा अर्थ समजावायला वेळ नसतो, म्हणून वादात सापडणारा शब्द भाषणात घ्यायचाच नाही.

तो पोरगा हट्टी होता. म्हणाला, ‘सर, 2009 मध्ये मालदीवच्या मंत्रिमंडळाने समुद्राखाली बैठक घेतली होती, ते तरी घालू या.’ गोष्ट खरी आहे आणि झकासही आहे: ऑक्टोबर महिन्यात मंत्री पाणबुड्यांचा पोशाख घालून पाण्याखालच्या टेबलांभोवती बसले होते. पण ती नीट सांगायला दहा सेकंद लागतात आणि सांगून झाल्यावर सभागृहाला पाण्याखालचे मंत्री लक्षात राहतात, अनुदान विसरलं जातं. मी त्याला सांगितलं, ही खिशात ठेव. नियमात मुभा असेल तर उरलेले सेकंद प्रश्नांसाठी सोड, आणि कोणी परिस्थिती किती गंभीर आहे असं विचारलं तर तेव्हा काढ.

सराव उभं राहून करा, मोठ्याने, घड्याळ लावून. बसून मनात वाचलं की सगळंच 25 सेकंदांत बसतं. मराठीत शब्दसंख्येवर फार विसंबूही नका. ‘समुद्रसपाटीपासून’ हा मोजायला एक शब्द, बोलायला तीन शब्दांएवढा. आणि सत्राआधी अध्यक्षांना विचारून घ्या, घड्याळ नाव पुकारल्यावर सुरू होतं की पहिल्या शब्दाला. मागच्या रांगेतून माइकपर्यंत चालत येण्यात पाच-सहा सेकंद सहज जातात. नाव पुकारल्यावर घड्याळ सुरू होणार असेल तर ‘घर बुडालं’ हे वाक्य आधीच खोडून ठेवा. त्याच्यावाचून मागणी उभी राहते. एक मीटरच्या वाक्यावाचून राहत नाही.

दुपारच्या सत्रात त्याचं नाव पुन्हा यादीत आलं. 38 सेकंदांत संपवून तो जागेवर बसला. टाळ्या बेताच्याच पडल्या, त्याचा चेहरा जरा उतरला. तेवढ्यात चिठ्ठ्या पोचवणारी मुलगी त्याच्या बाकाशी थांबली. चिठ्ठी फिजीकडून होती, आत एकच ओळ: ‘कलमाचा मसुदा तुमच्याकडे आहे का, की आम्ही लिहू?’