चढणारी गाडी आधी का?

(निवेदन)

राजापूर तालुक्यातला सडा. मे महिना. सडा संपला की रस्ता खाडीकडे उतरतो. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला घळ. दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंदी इथे नाही.

खालून चिऱ्यांनी भरलेला टेम्पो चढतोय. वरून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. स्टिअरिंगवरच्या मुलीने गेल्या महिन्यात शिकाऊ परवान्याची परीक्षा दिली. प्रश्न पंधरा, नऊ बरोबर आले की पास. डोंगरी रस्त्यावर कुणाला आधी जाऊ द्यायचं, हे तिने प्रश्नसंचातून पाठ केलं होतं: चढणाऱ्याला.

आणि तरी ती रस्त्याच्या मधोमध थांबली. टेम्पोलाही थांबावं लागलं.

आता टेम्पोची मागची चाकं बघा. हातभर मागे घसरली. क्लीनरने उडी मारून चाकामागे दगड लावला. पुन्हा निघायचं तर चालकाला हँडब्रेक सोडता सोडता क्लच अर्धा उचलायचा, ॲक्सिलरेटर द्यायचा, आणि तेवढ्या क्षणात भरलेला टेम्पो मागे जाऊ द्यायचा नाही. क्लच घासतो, जळका वास येतो. उतारावरच्या गाडीला यातलं काहीच करावं लागत नाही. ब्रेक दाबला की थांबली, सोडला की उतारच तिला पुढे नेतो. नियम त्याच्या बाजूने आहे ज्याला थांबून पुन्हा निघणं जड जातं.

सरांनी तिला गाडीतून उतरवून टेम्पोजवळ नेलं. तो वास तिने स्वतः घेतला.

दुसरी फेरी. या वेळी तिची नजर खालच्या वळणावर आहे. टेम्पो दिसताच ती वरच, गडगा थोडा आत सरकलाय तिथे, डावीकडे घेऊन थांबली. टेम्पो गिअर न बदलता वर आला. आधी जाऊ देणं म्हणजे थांबणं एवढंच नाही, जागा असेल तिथे वेळेवर थांबणं. पाठ केलेल्या उत्तरात हे नव्हतं.

मग सरांनी प्रश्न उलटा केला. तू रिकामी गाडी घेऊन चढतेयस. वरून भरलेला ट्रक उतरतोय, ब्रेक तापल्याचा वास येतोय. आता? प्रश्नसंच म्हणतो, तुझा हक्क. पण ब्रेक तापले की पकड सुटते, आणि नियम उभा आहे तो उतरणारा थांबू शकतो या गृहीतावर. तेच इथे खरं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मीच बाजूला घेणार."

अशा रस्त्यांवर गाड्या घळीत गेल्यात, माणसं गेलीत.

संध्याकाळ. टेम्पो रिकामा होऊन खाली परततोय. ती चढतेय. टेम्पोवाला वरच थांबून हात दाखवतो.